इथलं मी बघतो

कारणे दाखवा नोटीस हातात पडली तेव्हा मला सर्वांत आधी जाणवली ती तिची भाषा. ती माझी होती.

नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कार्यालय आहे. कुठल्या खात्याचं ते सांगत नाही. सांगितलं तरी चित्र फारसं बदलणार नाही. आस्थापनेचं टेबल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे लोकांच्या रजा, वेतनवाढी, सेवापुस्तकं आणि अधूनमधून त्यांना द्यायच्या नोटिसा. फार पूर्वी आमचा एक चालक माळेगावच्या जत्रेला जाऊन आठवडाभर परतला नव्हता, तेव्हा त्याच्यासाठी मी एक वाक्य रचलं होतं: ‘आपले सदरचे वर्तन कार्यालयीन शिस्तीस बाधा आणणारे असून शासकीय कर्मचाऱ्यास अशोभनीय आहे.’ वाक्य साहेबांना आवडलं. साहेब बदलत गेले, वाक्य राहिलं. संगणकात त्याचा नमुना करून ठेवला होता. नाव आणि तारखा बदलायच्या, की नोटीस तयार.

गंमत अशी, की नोटीस मिळालेला माणूस संध्याकाळी माझ्याकडेच यायचा. “भाऊ, खुलासा लिहून द्या.” तोही मीच लिहायचो. नोटीस माझी, उत्तर माझं. मधला माणूस फक्त सही करायचा. पुस्तकं वाचण्याची सवय असलेल्या माणसाला सरकारी नोकरीत यापेक्षा मोठा वाचकवर्ग मिळत नाही.

आता त्या नमुन्यात माझं नाव होतं. ‘आपणाविरुद्ध शिस्तभंगविषयक कारवाई का करण्यात येऊ नये’, हेही ओळखीचं. ‘तीन दिवसांच्या आत खुलासा सादर करावा, अन्यथा आपणास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल’, हेही माझंच. फक्त एक तुकडा माझा नव्हता. ‘तोंडी वा लेखी कोणतीही सूचना न देता.’ तो नव्यानं घातलेला होता. आणि साहेबांच्या सहीच्या डावीकडे, तळाशी, आमच्या हेडक्लार्कची बारीक आद्याक्षरी होती.

त्या आद्याक्षरीकडे मी बराच वेळ बघत बसलो. शिपाई पोचपावतीचा कागद घेऊन उभा होता. तो म्हणाला, “साहेबांनी सांगितलं होतं, आल्या आल्या द्या म्हणून. मी म्हणलं, चहा तरी पिऊ द्या. तर न्हाई म्हणले.”

झालं होतं ते असं. निलंग्याजवळच्या आमच्या गावी आई एकटी राहते. एका पहाटे शेजारच्या काकूंचा फोन आला. आई हौदाजवळ घसरून पडली होती, उठता येत नव्हतं. खुब्याचं हाड असणार हे फोनवरच कळत होतं. शेजारी तिला गाडीनं लातूरला हलवणार होते. बायको पिशवी भरू लागली आणि मी हेडक्लार्कला फोन लावला.

हा माणूस माझा वरिष्ठ, पण ते कागदावर. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो, कंधारला एका खोलीत राहून एकाच स्टोव्हवर खिचडी केली. दुपारचा डबा आजवर एकत्र. त्याची बायको पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होती तेव्हा त्याच्या रजेचे अर्ज मी टाकले होते.

अर्ज टाकणं ही आमच्याकडची रीत. कुणाला अचानक जावं लागलं तर तो फोन करतो. कार्यालयात जो असेल तो त्याच्या नावानं अर्ज लिहितो, सहीच्या जागी ‘करिता’ म्हणून स्वतःची सही करतो आणि साहेबांपुढे ठेवतो. जाणारा परत आला की रीतसर नमुन्यात अर्ज देतो. रजा नियमांत ही रीत कुठेही सापडणार नाही. पण ती नसती तर आमच्या कार्यालयातल्या कुणाच्याही आईबापाला वेळेवर दवाखाना मिळाला नसता.

“आई पडली,” मी म्हणालो. “लातूरला न्यावं लागंल.”

“मग फोनवर काय बोलून राहिला? निघ.”

“अर्ज टाक माझा.”

“टाकतो की. सांगायला लागतंय व्हय?”

लोह्याच्या पुढे एसटीत जागा मिळाल्यावर मी त्याला संदेशही पाठवला. कारण, किती दिवस लागतील त्याचा अंदाज, अर्ज साहेबांपुढे ठेवण्याची विनंती. उत्तर लगेच आलं: ‘काळजी करू नको. अर्ज टाकतो. इथलं मी बघतो.’ मी फोन खिशात ठेवला आणि अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत कार्यालयाचा विचारही मनात आला नाही. एखाद्यावर विसंबणं म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

ऑपरेशन झालं. आई वाचली, बोलायलाही लागली. बायकोला तिच्याजवळ ठेवून मी परत आलो, रुजू अहवाल लिहिला, अर्जित रजेचा अर्ज आणि दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडलं आणि टेबलावर येऊन बसलो. तेव्हा शिपाई नोटीस घेऊन आला. मस्टर मागवलं. माझ्या नावापुढे लाल शाईनं गैरहजेरीचे गोल काढले होते.

दिवस शुक्रवार होता. कार्यालय सुटल्यावर आम्ही दोघं नेहमीच्या टपरीवर गेलो. नेहमीसारखा त्यानंच चहा सांगितला.

“अर्ज टाकला होता का?” मी विचारलं.

त्यानं बशीत चहा ओतला. “ऐकून घे आधी. तू गेला त्याच दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब आले. अचानक. आपले साहेब त्यांच्यासमोर मस्टर उघडून उभे. नवीन परिपत्रक काढलंय ना आपल्याच साहेबांनी, लेखी पूर्वमंजुरीशिवाय रजा न्हाई म्हणून. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे आस्थापनेचे कुठं हायेत?”

“मग?”

“मग काय. मी परवानगी दिली म्हणलो असतो तर मलाच धरलं असतं. तोंडातून निघून गेलं.”

“काय?”

“काही कळवलं न्हाई म्हणून.”

टपरीवाला पैसे मागायला आला, तो आमच्याकडे बघून परत गेला. मी विचारलं, “आणि नोटिशीत लिहिलंस ते? तोंडी वा लेखी? तेही तोंडातून निघून गेलं?”

“साहेबांनी सांगितलं कडक लिहा. एकदा म्हणून बसलो होतो, आता माघारी कसं फिरणार?” मग तो खुर्ची पुढे सरकवून हळू आवाजात बोलू लागला, जसा तो ठेकेदारांशी बोलतो. “हे बघ, लई सोपं हाय. दोन ओळी लिही. गावाकडं रेंज नव्हती, घाईत कळवता आलं न्हाई, बिनशर्त माफी मागतो. मी टिपणी टाकतो, खुलासा समाधानकारक. साहेब सही करतेत. विषय संपला.”

“आणि तुझा मेसेज?”

“तो कशाला जोडतो? ते आपल्यातलं झालं.”

हे वाक्य मला नोटिशीपेक्षा जास्त लागलं. आमच्यातलं म्हणून जे काही होतं, ते त्यानं मोठ्या साहेबांसमोर एका वाक्यात निकालात काढलं होतं; आणि आता त्याच्याच बचावासाठी तो ते परत मागत होता.

शिवाय बिनशर्त माफीचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. असे माफीनामे कितीतरी फायलींत मीच हाताळले आहेत. कर्मचारी भोळेपणानं लिहितो, चूक झाली, माफ करा. आणि टिपणीत वाक्य येतं, ‘कर्मचाऱ्याने गैरहजेरी मान्य केली आहे.’ मग कुठलेही साहेब, कधीही, त्या कबुलीवर बोट ठेवू शकतात. न कळवता गैरहजर होतो असं मी लिहून दिलं, की गैरहजेरी अनधिकृत ठरणार, ते दिवस विनावेतन होणार, सेवापुस्तकात नोंद होणार. आणि नेमकी त्या वर्षी पदोन्नतीची यादी तयार होत होती. माझा नंबर त्यात होता. लातूरला एक जागा रिकामी होती, आणि यापुढे काठी धरूनच चालणाऱ्या आईला आता लातूरलाच ठेवावं लागणार होतं. कारवाई चालू असलेल्या माणसाचं नाव यादीतून बाजूला ठेवतात. हे सगळं माझ्याइतकंच त्यालाही माहीत होतं.

“विचार करतो,” मी म्हणालो. चहाचे पैसे त्या दिवशी मी दिले. का ते सांगता येणार नाही. पण त्याचा चहा नको वाटला.

शनिवार-रविवार मी लातूरला दवाखान्यात होतो. वॉर्डातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, मांडीवर आईच्या एक्सरेचं पाकीट ठेवून, मी खुलासा लिहायला घेतला. इतरांचे खुलासे मी अर्ध्या तासात लिहितो. माझा लिहिताना सकाळ गेली. चार पानं झाली. कंधारची खोली आली, खिचडी आली, त्याच्या बायकोचं पित्ताशय आलं. विश्वास या गोष्टीवर एक परिच्छेद होता, तो मला फार जमल्यासारखा वाटत होता. शेवटी साहेबांच्या परिपत्रकावरही थोडं लिहिलं होतं. माणसं पडण्याआधी लेखी पूर्वमंजुरी घेत नाहीत, अशा अर्थाचं.

बायकोनं चारही पानं वाचली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वाचताना तिच्या हातात नसलेला लाल पेन मला दिसतो.

“खुलासा आहे का कादंबरी?” ती म्हणाली.

“खरं आहे सगळं.”

“खरं असू दे. साहेबांना खिचडीशी काय करायचंय? आणि हे पित्ताशय कशाला? तुम्ही त्यांच्यासाठी केलं ते आता वसूल करायला निघालात का?”

आई पलंगावरून आमच्याकडे बघत होती.

“नोकरीवरून काढतेत का रे तुला?” तिनं विचारलं.

“नाही ग. एक उत्तर द्यायचंय.”

“मग दे की. लपवण्यासारखं काय केलं तू? माझ्याजवळ होता की.” मग ती म्हणाली, “माझ्यामुळं झालं म्हणून लिहू नको मात्र. लई वाईट दिसंल.”

बायको म्हणाली, “कधी पडल्या, कुणाला कळवलं, काय उत्तर आलं, काय जोडलं. एवढंच. आणि जेवढं तुमच्याकडून राहिलं तेवढ्याचीच दिलगिरी.”

“राहिलं काय माझ्याकडून?”

“अर्ज. साहेबांना तुम्ही स्वतः नाही पाठवला. दुसऱ्यावर सोडला.”

ते खरं होतं. आमची रीत कितीही माणुसकीची असली तरी परिपत्रक लेखी होतं, साहेबांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता आणि एसटीत बसून त्यांना चार ओळी पाठवायला कुणी अडवलं नव्हतं. मी पाठवल्या नाहीत, कारण तिथलं बघणारा माणूस होता.

चार पानं दुमडून मी एक्सरेच्या पाकिटात घातली आणि नव्यानं लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय. मग:

‘उपरोक्त संदर्भीय नोटिशीच्या अनुषंगाने सविनय सादर करतो की, माझी आई घरी पडून तिच्या खुब्याचे हाड मोडल्याने मला तातडीने लातूर येथे जावे लागले. रुग्णालयात दाखल केल्याचे व शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. निघण्यापूर्वी मी कार्यालयाचे मुख्य लिपिक यांना दूरध्वनीवरून व त्यानंतर संदेशाद्वारे कळविले होते. सदर संदेश व त्यास आलेल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे तोंडी वा लेखी कोणतीही सूचना न देता मी गैरहजर राहिलो, हे नोटिशीतील विधान वस्तुस्थितीस धरून नाही.

तथापि, रजेचा लेखी अर्ज मी स्वतः आपणाकडे पाठवावयास हवा होता, तो पाठविला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे अशी दक्षता घेईन.

रुजू झाल्यावर सादर केलेला अर्जित रजेचा अर्ज मंजूर करून सदरचा कालावधी नियमित करण्यात यावा व नोटीस नस्तीबद्ध करण्यात यावी, ही विनंती.’

बायकोनं वाचलं. “हे ‘वस्तुस्थितीस धरून नाही’ बरं आहे,” ती म्हणाली. “खोटं आहे असं नाही लिहिलंत.”

“तेवढी वर्षं काढली आहेत या भाषेत.”

सोमवारी सकाळी मी खुलासा आवक टेबलावर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली. हे काम मी दुसऱ्यांना नेहमी सांगतो. स्वतःसाठी पहिल्यांदाच केलं. कागद तिथून हेडक्लार्ककडे जाणार होता. साहेबांपुढे तोच ठेवणार, त्यावर अभिप्रायही तोच लिहिणार. म्हणजे माझ्या खुलाशावर त्याचंच मत. आमच्या व्यवस्थेला यात काही वावगं वाटत नाही.

दुपारी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात डबा नव्हता.

“जोडलंच म्हण.”

“जोडलं.”

“मी सांगितलं होतं तुला.”

“मीही तुला सांगितलं होतं. एसटीतून.”

तो त्याच्या टेबलाकडे गेला. कागद दोन दिवस त्याच्या टेबलावर, लाल फितीखाली पडून होता. येता-जाता दिसायचा. तो फाडणार नाही हे मला ठाऊक होतं, आवक क्रमांक पडला होता. पण ‘खुलासा समाधानकारक वाटत नाही’ एवढं लिहायला त्याला कुणी अडवणार नव्हतं. मित्राच्या सरळपणाचा भरवसा आवक क्रमांकावर ठेवायची वेळ आली, हे माझं त्या आठवड्यातलं खरं दुखणं होतं.

शेवटी साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं. साहेबांच्या टेबलावर काच आहे, काचेखाली शिस्तीबद्दलचे सुविचार आहेत, आणि त्यांच्या नावाच्या पितळी पाटीवर पदव्या इतक्या आहेत की नाव कुठे संपतं ते नवख्याला कळत नाही. त्यांनी आधी वेळेच्या मूल्याबद्दल थोडं सांगितलं. मग कागद उचलला.

“हा संदेश तुमचाच?” त्यांनी हेडक्लार्कला विचारलं.

“हाव साहेब.”

“मग मला मोठ्या साहेबांसमोर काय सांगितलंत?”

मला वाटलं होतं, या क्षणी मला बरं वाटेल. तो काचेखालच्या सुविचारांकडे बघत उभा होता, आणि मला कंधारचा स्टोव्ह आठवत होता. अजिबात बरं वाटलं नाही.

“आणि तुम्ही,” साहेब माझ्याकडे वळले, “तुम्ही आस्थापना बघता. तुम्हालाच नियम माहीत नाहीत?”

“माहीत आहेत साहेब. म्हणून अर्ज स्वतः पाठवला नाही याची दिलगिरी लिहिली आहे.”

“तोंडानं म्हणा की चुकलो.”

“अर्जाच्या बाबतीत चुकलो, साहेब. न कळवता गेलो नव्हतो.”

त्यांनी माझा कागद पुढे ओढला. मग पेनाचं टोपण काढलं, कागदाच्या कडेला लिहिलं: रजा मंजूर, नोटीस नस्तीबद्ध, यापुढे लेखी कळवावे. नस्तीबद्ध म्हणजे फायलीत बंद, विषय संपला. सही अशी मोठी केली, की जणू एखादं धरणच मंजूर होत आहे. मग मला म्हणाले, “आणि यांना एक नोटीस काढा. चुकीची माहिती दिल्याबद्दल. कडक लिहा.”

“साहेब, या विषयात मी स्वतः गुंतलेला आहे,” मी म्हणालो. “ती दुसऱ्या टेबलावरून आली तर बरं.”

ती आवक टेबलावरच्या बाईंनी काढली. नमुना त्यांनी संगणकातून घेतला. माझं जुनं वाक्य, ‘शासकीय कर्मचाऱ्यास अशोभनीय’, आता त्याच्याकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आला. इतकी वर्षं सगळे येतात तसाच, नोटीस दुमडून हातात, आणि माझ्या समोरची खुर्ची ओढून बसला.

“लिहून दे,” तो म्हणाला. “तुलाच जमतं.”

मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. “तू सुरुवात कर. काय झालं ते लिही. मग बघू.”

तो बराच वेळ लिहीत होता. मग कागद माझ्याकडे फिरवला. एकच ओळ होती: ‘सदर कर्मचाऱ्याने कळविल्याचे कामाच्या व्यापात माझ्या स्मरणात राहिले नाही.’

“तुझ्या स्मरणात होतं,” मी म्हणालो.

“असं लिहावं लागतं. तुला माहीत हाय.”

“भीती वाटली, असं लिही.”

“असं कुणी लिहितं का?”

नाही लिहीत. आमच्या भाषेत त्याला जागा नाही. मी स्वतः कुणाच्या खुलाशात ते कधी लिहिलेलं नाही. त्यानं ते लिहिलं असतं तर पुढचा खुलासा मी त्याला सुरेख करून दिला असता. तो नोटीस पुन्हा दुमडत बसला होता, आणि मला दिसलं की लिहायचं सोडाच, तो मला तोंडानंही ते म्हणणार नव्हता.

कागद मी त्याच्याकडे परत सरकवला. “तुझ्या सहीनं जाऊ दे,” मी म्हणालो. “तुझ्याच शब्दांत.”

तो उठला. खुर्ची परत जागेवर लावायला विसरला नाही. त्याचं असं सगळं व्यवस्थित असतं. त्याचा खुलासा समाधानकारक ठरला. पदोन्नतीची यादी अजून निघायची होती आणि माझं नाव त्यात होतं. डबा आता मी माझ्या टेबलावर खाऊ लागलो, तो त्याच्या. आईला दवाखान्यातून घरी न्यायला मला पुढे लातूरला जावं लागलं तेव्हा रजेचा अर्ज मी आठवडाभर आधी स्वतः लिहिला, साहेबांच्या हातात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. मस्टर त्याच्या टेबलावर होतं. त्यानं माझ्या रकान्यात निळ्या शाईनं रजा भरली आणि वर न बघता विचारलं, “आई कशी हाय?”

“बरी आहे,” मी म्हणालो.